कुत्र्या-मांजराला ताप आहे की थर्मामीटर चुकतोय?

देवगड तालुक्यातल्या एका छोट्या बाजारपेठेत माझं मेडिकल आहे. माणसांची औषधं विकतो, पण महिन्यातून तीन-चार वेळा तरी कुणीतरी काउंटरवर वाकून म्हणतंच, "दादा, कुत्र्याक ताप इलो आसा, एक गोळी दे." गोळी मी देत नाही. का देत नाही ते पुढे येईलच. घरी दोन कुत्रे आणि एक बोका, त्यात आसपासच्या वाड्यांतली ही रोजची चौकशी, त्यामुळे या एकाच गोंधळाची उकल मी इतक्यांदा केली आहे की एकदाची लिहून टाकतो.

लोक सांगतात ती लक्षणं साधारण अशी:

- नाक कोरडं आणि गरम लागतंय.
- कान तापलेत, पोटाला हात लावला की चटका बसतो.
- कालपासून भाताला तोंड लावलं नाही, पडवीच्या कोपऱ्यात पडून आहे.
- अंग थरथरतंय. किंवा उलट, जीभ बाहेर काढून धापा टाकतोय.
- घरातला थर्मामीटर लावला, १०१.८ आलं!

यातल्या शेवटच्या तक्रारीला मी चहा पाजून परत पाठवतो. १०१.८ म्हणजे कुत्रा ठणठणीत आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, मांजराचं १००.५ पासून १०२.५ पर्यंत. सेल्सिअसमध्ये ढोबळमानाने ३८ ते ३९.२. आपल्या डोक्यात लहानपणापासून ९८.६ पक्कं बसलेलं असतं, म्हणून १०२ दिसलं की छातीत धस्स होतं. खरं तर कुत्र्याला ९८.६ आलं तर मी जास्त घाबरेन.

हाताने बघण्यातली गफलतही हीच. त्यांचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, आणि आपला तळहात आपल्याच शरीराच्या आतल्या भागापेक्षा गार. त्यामुळे निरोगी कुत्राही हाताला तापलेलाच लागणार. नाकाचंही तसंच आहे. झोपून उठलेल्या, उन्हात लोळलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं असतं, आणि १०४ ताप असलेल्याचं ओलं असू शकतं. नाक विसरा.

आधी बिनपैशाचं: अर्धा तास थांबा

प्राणी नुकताच काय करत होता ते आठवा. समुद्राच्या वाळूत धावून आलेला, दुसऱ्या कुत्र्याशी भांडून आलेला किंवा फटाक्यांनी घाबरलेला कुत्रा १०३ सहज दाखवतो, आणि त्याला काहीही झालेलं नसतं. पोत्यात घालून आणलेलं मांजर तर नुसत्या रागानेही तापतं. सावलीत, शांत जागी, पाणी जवळ ठेवून वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. एवढ्यात निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. मात्र प्राणी लडखडत असेल, कोसळला असेल किंवा उन्हात सापडलेला असेल तर ही अर्ध्या तासाची सवलत नाही.

मग बघा, तो कुठे जाऊन पडतोय

मला विचाराल तर ही तपासणी थर्मामीटरइतकीच महत्त्वाची आहे, आणि हीच कोणी करत नाही. अंग गरम होण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत.

पहिली म्हणजे खरा ताप. शरीरात जंतू शिरले की मेंदू स्वतःच ठरवतो, की आता १०४ वर राहायचं. त्या नव्या आकड्याच्या मानाने प्राण्याला स्वतःचं अंग गार वाटतं. म्हणून तो मुटकुळं करून बसतो, थरथरतो, चुलीजवळ किंवा गोणपाटात शिरतो. भर एप्रिलमध्ये कुत्रा उन्हाचा तुकडा शोधून त्यात बसत असेल तर संशय घ्यावा.

दुसरी म्हणजे उष्णता साठणं. इथे मेंदूला आकडा वाढवायचा नसतो, पण शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी सुकतं आणि त्यातून अंग गार होतं. आता कोकणातला मे महिना डोळ्यांपुढे आणा. दोरीवरचं धोतर दिवसभर वाळत नाही, तिथे कुत्र्याच्या जिभेवरचं पाणी कसं सुकणार? घाटावर ४० अंशाला सावलीत निभावून नेणारा कुत्रा आपल्याकडे ३४ अंशाला दमट हवेत आडवा होतो तो यामुळे. असा कुत्रा गार लादी शोधतो, पाय फाकवून पोटावर पसरतो, धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट होते.

फरक कळायला हवा कारण उपाय उलटे आहेत. उष्णता साठलेल्याला तिथल्या तिथे पाणी ओतून गार करायचं असतं. खऱ्या तापाच्या कुत्र्यावर गार पाणी ओतलं तर त्याचा मेंदू अजून हट्टाने अंग तापवतो, तो अजून थरथरतो, आणि आजाराचं कारण जागेवरच राहतं.

हिरडी दाबून बघा

हेही फुकट. वरचा ओठ उचला, हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही कुत्र्यांची हिरडी जन्मतःच काळी असते, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट पांढरा, पिवळा, तपकिरी किंवा निळसर रंग दिसला तर पुढचं काही वाचू नका, आकडा काहीही असो, डॉक्टरकडे निघा.

आता थर्मामीटर, आणि तो नीट लावणं

साधा डिजिटल घ्या, टोक वाकणारा मिळाला तर उत्तम. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. पाऱ्याचा काचेचा वापरू नका, प्राण्याने झटका दिला की फुटतो. कपाळावर रोखायची बंदूक करोनात घराघरांत आली, ती केसाळ अंगावर केसांचं तापमान सांगते.

लावण्याआधी तो स्वतःच्या तोंडात धरून बघा. साधारण ९८ दाखवला तर थर्मामीटर शुद्धीवर आहे. (हे आधी करायचं, नंतर नव्हे. हसू नका, एकाने क्रम उलटा केला होता.) सेल उतरला की आकडे भलतेच येतात. आणि स्क्रीनवर °C आहे की °F तेही बघा. "दादा, ३९ दाखवता, कुत्रो मेलो की काय!" असा फोन मला आलेला आहे.

लावायचा गुदद्वारात, दुसरी खात्रीची जागा घरी नाही. एकाने डोकं आणि छाती कुशीत धरायची, दुसऱ्याने शेपटी हलकेच वर घ्यायची. टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. मांजर आणि छोट्या कुत्र्यात साधारण दोन सेंटिमीटर, मोठ्यात तीन, एवढंच आत, थोडं फिरवत. मग टोक किंचित एका बाजूला कलवा म्हणजे ते आतड्याच्या भिंतीला टेकेल. हे कलवणं लोक विसरतात. टोक शेणात, म्हणजे विष्ठेत रुतलं की आकडा कमी येतो आणि तापलेला प्राणीही बरा दिसतो. पी-पी वाजेपर्यंत धरून ठेवा. जोर लावू नका. अडलं तर सोडून द्या.

मांजर ओरबाडू लागलं तर टॉवेलात पोळीच्या गुंडाळीसारखं बांधा. तरीही ऐकत नसेल तर काखेत धरा, पण तो आकडा आतल्यापेक्षा एक-दोन अंशांनी कमी येतो आणि किती कमी ते सांगता येत नाही. त्यामुळे काखेत १०३ आलं तर ताप नक्की आहे, काखेत १०१ आलं तर काहीच कळलं नाही.

एका प्रसंगी मात्र थर्मामीटर हातात घेऊच नका. कुत्रा उगाच अंगावर येतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय किंवा जबडा लोंबतोय, तर ती पिसाळल्याची लक्षणं असू शकतात. दार लावा, पोरांना लांब ठेवा, डॉक्टरांना फोन करा. त्याचा दात लागला असेल, नुसता ओरखडा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

वापरलेला थर्मामीटर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा आणि त्याला लाल दोरा बांधून वेगळा ठेवा. दोरा कशासाठी ते सांगायला नको.

आकडा आला, आता काय

१०२.५ पर्यंत निश्चिंत. १०२.५ ते १०३ ही धूसर पट्टी, विश्रांती देऊन तासाभराने पुन्हा मोजा. शांत बसलेल्या प्राण्याला १०३ च्या वर दोनदा आलं तर ताप धरा. खातपीत असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत बघता येईल. पिल्लू, म्हातारा किंवा न खाणारा प्राणी असेल तर थांबू नका. १०४ ला त्याच दिवशी दवाखाना. १०५ च्या पुढे आत्ताच. १०६ ला शरीरातल्या अवयवांना इजा होऊ लागते, तिथे मिनिटं मोजायची.

खालची बाजू लोक बघतच नाहीत. मोठ्या प्राण्याला नीट लावून ९९ पेक्षा कमी आलं तर टोक बरोबर टेकवून एकदा पुन्हा मोजा आणि तरीही तेच आलं तर गोधडीत गुंडाळून डॉक्टरकडे न्या. चार दिवस तापलेला कुत्रा अचानक ९८ वर आला आणि मालक म्हणाला "ताप उतरला", असं मी ऐकलंय. कुत्रा उभा राहू शकत नव्हता. आकडा उतरला आणि प्राणीही उतरला, तर ते बरं होणं नव्हे, शरीराने हात टेकलेले असतात.

याला दोन अपवाद. गाभण कुत्रीचं तापमान विण्याच्या साधारण आदल्या दिवशी ९९ च्या खाली जातं, तिला पोतं अंथरून द्या. आणि पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांचं ९५ ते ९९ च असतं, त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही. पावसात पिल्लं आईपासून लांब पडली तर धोका तापाचा नाही, गारठ्याचा असतो.

अंग चाचपा

आकडा तापाचा आला की कारण शोधायला घरच्या घरी एवढं करता येतं. बोक्याला ताप असेल तर आधी मान, पाय आणि शेपटीचं मूळ चाचपा. भांडणात दुसऱ्या बोक्याचा दात सुईसारखा आत जातो, वरचं छिद्र दिवसभरात बुजतं आणि आत पू साठतो. बाहेर फिरणाऱ्या बोक्यांच्या तापामागे बहुतेकदा हेच निघतं. कुत्र्याला असेल तर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि गळपट्ट्याखाली गोचीड बघा. आपल्याकडे दमट हवा आणि चिऱ्याच्या भिंती, त्यातल्या फटींत गोचीड आरामात अंडी घालतात. त्यामुळे अंगावरचे काढले तरी घरातले राहतातच.

एका कुत्र्याचे चार दिवस

गेल्या श्रावणातली गोष्ट. शेजारच्या वाडीतला वाघ्या, चार वर्षांचा, बागेची राखण करणारा गावठी कुत्रा. मालकीणबाई आल्या त्या "सुस्तावलोहा, बाकी काय नाय" एवढंच सांगत. मी थर्मामीटर घेऊन गेलो. संध्याकाळी सहाला १०३.६. हिरडी जरा फिकट, पण दाबल्यावर रंग परत येत होता. मासे घातलेला भात हुंगून सोडला. कानात सहा-सात गोचीड.

रात्री दहाला १०३.८. सकाळी सातला १०२.४. बाई खूश झाल्या. मी म्हटलं, वहिनी, संध्याकाळपर्यंत थांबा. गोचिडाच्या तापात आकडा असा चढउतार करतो, एका सकाळच्या मोजणीवर निकाल देता येत नाही. संध्याकाळी १०४.२ आलं. पोटाची कातडी दिव्याखाली धरली तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. ते बघितल्यावर माझं काम संपलं. रक्तातल्या गाठ धरणाऱ्या पेशी कमी झाल्या की असे ठिपके येतात, आणि ते घरी बघून भागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून तालुक्याला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचिडातून येणारा एर्लिकिया नावाचा जंतू निघाला. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी १०२.१ आणि वाघ्याने भात चाटूनपुसून खाल्ला. इथेच दुसरी चूक होते. कुत्रा शेपूट हलवू लागला की लोक गोळ्या बंद करतात. हा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. आणि "वाघ्याक दिलं तेच आमच्याक पण दे" असं म्हणत येऊ नका. गोचिडातून बबेसियाही येतो, त्यात लघवी काळ्या चहासारखी होते, आणि त्याचं औषध वेगळं. कोणता ते रक्तच सांगतं.

उन्हाने कोसळला असेल तर

इथे आधी मोजत बसू नका. आंब्याच्या मोसमात पत्र्याच्या मांगरात बांधून ठेवलेले राखणीचे कुत्रे यात सापडतात. सावलीत आणा, विहिरीचं साधं पाणी अंगभर, पोटावर आणि जांघेत ओता, पंखा लावा किंवा सुपाने वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. दर पाच मिनिटांनी मोजा आणि १०३.५ ला पाणी थांबवा, नाहीतर तो घसरत ९८-९९ वर जातो. त्यानंतर उठून चालू लागला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्यातला बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो.

गोळी का देत नाही

दहा-बारा वर्षांपूर्वी एकाने पॅरासिटामॉल मागितलं, मी दिलं. कोणासाठी ते विचारलं नाही. त्याने अर्धी गोळी दुधातून मांजराला पाजली. संध्याकाळी मांजर घेऊनच आला. तोंड सुजलेलं, हिरड्या मातकट तपकिरी, श्वास ओढत होतं. तालुक्याला पोचेपर्यंत गेलं. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करण्याची सोय जवळजवळ नसते, आणि त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मांजरासाठी यात "थोडीशी" असं माप नाही. आयबुप्रोफेन कुत्र्याच्याही पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतं. तेव्हापासून गोळी देताना मी "कोणाक?" विचारतो. चुकून पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

इथे थांबा

वर सांगितलेले आकडे आणि हिरड्यांचे रंग सोडून आणखी काही ठिकाणी घरचे उपाय बंद करा. ताप आणि उलट्या, रक्ताचे जुलाब. लस न दिलेलं पिल्लू. मांजराने पूर्ण एक दिवस काही न खाणं. नाकातून रक्त. झटके. आणि भातलावणीच्या दिवसांत ताप येऊन डोळे पिवळे झाले तर लेप्टो मनात धरा. उंदराच्या मुतातून तो शेतातल्या पाण्यात येतो आणि कुत्र्याच्या लघवीतून आपल्यालाही होतो. अशा कुत्र्याची जागा हातमोजे घालूनच धुवा आणि घरात कुणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांनाही कुत्र्याचं सांगा.

डॉक्टरांना फोन करताना "अंग गरम आहे" सांगू नका. कागदावर तारीख, वेळ, आकडा आणि कुठे मोजला ते लिहा. त्याखाली शेवटचं कधी खाल्लं, लघवीचा रंग, गोचीड होते का, आणि घरी काही पाजलं असेल तर ते. पाजलेलं लपवू नका, लाज वाटली तरी. वाघ्याचा कागद मालकीणबाईंनी कॅलेंडरच्या मागे लिहिला होता. डॉक्टरांनी तो आधी वाचला आणि मग कुत्र्याला हात लावला.